अंतिम सामन्याआधीचं सव्वा मिनिट

आमच्या मंडळाने खेळलेल्या एका अंतिम सामन्याआधी कर्णधाराने आम्हाला मांडवामागे गोळा केलं आणि बोट नाचवत सांगितलं, "ज्याच्या हातून पकड सुटेल त्याला पुढच्या मिनिटाला बाहेर बसवीन. आणि आज हरलात तर मंडळाच्या ओट्यावर पाय ठेवायचा नाही." मी डाव्या कोपऱ्याला खेळायचो. दुसऱ्याच चढाईत त्यांचा गडी बोनससाठी आत आला. त्याचा घोटा माझ्यापासून हातभर अंतरावर होता आणि रोजच्या सरावात असा घोटा मी डोळे मिटून धरला असता. त्या दिवशी मी धरला नाही. धरला आणि सुटला तर काय, हेच डोक्यात. गडी बोनस घेऊन आरामात परत गेला. पुढे एकदा हिय्या करून धरला, तेव्हा शेजारचा कव्हर क्षणभर थबकला, कारण धमकी त्यालाही होतीच. गड्याने आम्हा दोघांना मध्यरेषेपर्यंत फरपटत नेलं आणि दोन गुण घेऊन गेला.

कबड्डी न खेळलेल्या वाचकांसाठी थोडं सांगतो. कोपऱ्याने घोटा धरला म्हणजे पकड झाली असं नसतं. एका हातावर चढाईपटू फार वेळ थांबत नाही. कव्हरने येऊन मांडी किंवा कंबर धरली, मागून साखळी आली, की मग तो अडतो. पण ज्याचा ज्याचा हात लागला तो प्रत्येक जण, गडी मध्यरेषेला पोचला तर बाद होतो. म्हणजे धरणारा स्वतःला पणाला लावतो आणि मदतीला येणाराही लावतो. दुसरा येणार याची खात्री नसेल तर पहिला हात घालत नाही. कर्णधाराची धमकी नेमकी ही खात्री काढून घेते. सातही जण आपापली जागा वाचवायला लागतात.

हे सगळं आठवायचं कारण माझा पुतण्या. तालुक्याच्या स्पर्धेत त्यांचा संघ अंतिम फेरीत पोचला होता आणि कर्णधारपद त्याच्याकडे होतं. गुरुवारी रात्री वही घेऊन आला. "काका, रविवारी फायनल आहे. पोरांना काय बोलू? लिहून आणलंय, बघा जरा." दोन पानं होती. गावाची इज्जत होती, शिवाजी महाराज होते, आईवडिलांचे कष्ट होते, 'आता नाही तर कधीच नाही' होतं. मी त्याला मोठ्याने वाचायला लावलं आणि घड्याळ लावलं. सहा मिनिटं झाली. एवढ्यात गरम केलेलं अंग थंड पडतं.

'चक दे! इंडिया'तल्या प्रशिक्षकाचं सत्तर मिनिटांचं भाषण त्याच्या डोक्यात होतं, हे उघड होतं. पोरांच्या डोक्यात तेच असतं. सिनेमात ते शोभतं, कारण तिथे पार्श्वसंगीत असतं आणि ते आपल्यासाठी, खुर्चीत बसलेल्यांसाठी लिहिलेलं असतं. मी त्याला दुसरं उदाहरण दिलं. २०२५ च्या महिला विश्वचषकात नवी मुंबईत ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या उपांत्य सामन्यात आपल्यापुढे ३३९ धावांचं लक्ष्य होतं. आपले मुंबईचे अमोल मुझुमदार प्रशिक्षक होते. त्यांनी फळ्यावर लिहिलेलं मोजकं होतं: अंतिम फेरीत जायला त्यांच्यापेक्षा फक्त एक धाव जास्त हवी, असा त्याचा आशय. देशाचं नाव नाही, इतिहास नाही. डोंगराएवढा आकडा त्यांनी एका धावेवर आणून ठेवला. त्या मुलींनी नऊ चेंडू राखून तो गाठला.

"मग मी पण एकच ओळ बोलू?" पुतण्याने विचारलं. नाही. फळ्यावर लिहिणारा प्रशिक्षक असतो, तो बाहेर थांबतो. कर्णधार स्वतः आत जाणार असतो. त्यामुळे त्याच्या बोलण्यात एक गोष्ट जास्त लागते, ती म्हणजे कोण कोणाच्या मागे उभा राहणार आहे. डावपेच आदल्या संध्याकाळी प्रशिक्षकाने सांगून झालेले असतात. ते पुन्हा उगाळायचे नाहीत.

मग आम्ही दोघांनी मिळून नवीन लिहायला घेतलं. नियम एकच ठेवला: एक वाक्य एका दमात. चढाईला जातो तसं. मध्ये श्वास घ्यावा लागला की वाक्य तोडायचं. शनिवारी रात्री जे हातात होतं ते असं (नावं बदलली आहेत):

"जवळ या. हात खांद्यावर. श्वास सोडा.

सेमीफायनल आठवा. आठ गुणांनी मागे होतो.

बाळ्याने घोटा धरला. नाना धावून आला.

बाळ्याने मागे वळून पाहिलं नव्हतं. गरजच नव्हती.

आजही तेच.

कोपऱ्याने धरायचं, कव्हरने यायचं.

धरलं की यायचं. चुकलं तरी यायचं.

सदा, पहिली चढाई तुझी. बोनस दिसला तर घे, नाही दिसला तर परत ये.

तिसरी चढाई माझी. मी बाहेर असलो तर नानाची.

दिल्या, बाकावरून त्यांच्या डावखुऱ्याचा पाय बघ. टाइमआउटला पहिलं तू बोलायचं.

पंचांशी मी बोलेन. तुम्ही खेळा.

लोण बसला तर? पुन्हा सातच्या सात आत.

कोण धरणार?" — "आम्ही!"

"कोण येणार?" — "आम्ही!"

"चला."

थांबत थांबत म्हटलं तर सव्वा मिनिट.

यातली 'चुकलं तरी यायचं' ही ओळ लिहायला सगळ्यात जास्त वेळ लागला. पुतण्याचं म्हणणं, फायनलच्या आधी चुकण्याचा विषय कशाला काढायचा? पण चुका होणार हे पोरांना ठाऊकच असतं. चूक झाल्यावर शेजारचा काय करेल, एवढंच त्यांना ठाऊक नसतं. ते आधी सांगून टाकलं की घोटा धरणारा हात कचरत नाही. 'धरायचं', 'यायचं' ही जोडी पुन्हा पुन्हा येते ती उगाच नाही. लेझीमच्या ठेक्यासारखी ती अंगात बसते आणि सामन्यात गोंगाटात हाक मारायची वेळ आली तर 'ये!' एवढं एकच अक्षर पुरतं. मराठीत क्रियापद शेवटी येतं त्याचा इथे फायदा होतो. ठोका आपोआप कामावर पडतो.

सेमीफायनलची आठवण खरी होती, म्हणून घेतली. 'तुम्ही सगळे वाघ आहात' यावर कोणी विश्वास ठेवत नाही, कारण तसं आपण हरलेल्या सामन्याआधीही म्हटलेलं असतं. 'बाळ्याने धरला, नाना आला' हे मात्र सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. विश्वास दाखवायचा तर तो त्याच माणसाने केलेल्या कामाकडे बोट दाखवून दाखवायचा. तसं काम आठवत नसेल तर त्या खेळाडूचं नाव घेऊन खोटं कौतुक करू नये, त्याला नुसतं काम द्यावं. दिल्याचं तेच केलं. हंगामभर तो बहुतेक बाकावरच होता.

काम देणं हीच विश्वासाची मोठी खूण असते, हे त्याच विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात दिसलं. शफाली वर्मा मूळ संघात नव्हती, प्रतिका रावल जखमी झाल्यावर आली. फलंदाजीत तिने ८७ धावा केल्या होत्याच. पण दक्षिण आफ्रिकेची जोडी जमलेली असताना हरमनप्रीतने तिच्या हातात चेंडू दिला, आणि शफाली काही नेहमीची गोलंदाज नव्हे. मनाने कौल दिला, असं हरमनप्रीतने नंतर सांगितलं. शफालीने आपल्या पहिल्या दोन षटकांत दोन बळी घेतले. असा कौल रोज खरा ठरतो असं मात्र कोणी समजू नये.

तिसऱ्या चढाईच्या ओळीत आधी घोळ होता. लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसऱ्या चढाईत गुण मिळवावाच लागतो, नाहीतर चढाईपटू बाद. सगळ्यात जास्त दडपण त्या तीस सेकंदांचं असतं. पुतण्याने रुबाबात लिहिलं होतं, "तिसरी चढाई माझी." मी विचारलं, "आणि तू तेव्हा बाहेर बसलेला असलास तर?" गप्प झाला. कर्णधाराने न पाळता येणारा शब्द दिला आणि पाचव्या मिनिटाला तो मोडला, तर उरलेल्या भाषणाचीही किंमत जाते. म्हणून नानाचं नाव आलं. नानाला ते शुक्रवारीच विचारून घेतलं. ऐन वेळी सगळ्यांसमोर जबाबदारी अंगावर टाकली तर तीही एक धमकीच होते.

लोणाची ओळ नियमातूनच उचलली आहे. सगळा संघ बाद झाला की समोरच्याला दोन जादा गुण मिळतात आणि आपले सातही जण परत मैदानात येतात. लोण बसल्यावर संघ खचतो तो या दुसऱ्या अर्ध्या भागाकडे लक्ष नसल्यामुळे.

भाषणाला मर्यादा आहेत. ज्या संघाने साखळीचा सरावच केलेला नाही त्याला 'धरलं की यायचं' सांगून साखळी येणार नाही. भाषण चाललं की फसलं हे पहिल्या पाच मिनिटांत कळतं, आणि त्यासाठी गुणफलक बघायची गरज नाही. कोपऱ्यांकडे बघा. ते मागच्या रेषेला चिकटून उभे असतील आणि चढाईपटू निदान रेषा ओलांडून लगेच माघारी वळत असतील, तर पोरं घाबरलेली आहेत. उलट कोपरे गडी आत शिरायच्या आधीच त्याच्यावर झेपावत असतील तर भाषण नको इतकं चढलं आहे. पुतण्याच्या पहिल्या सहा मिनिटांच्या मसुद्याने बहुधा हेच झालं असतं. दोन्ही रोगांवर औषध एकच: टाइमआउट घ्यायचा आणि तीच जोडी हळू आवाजात पुन्हा म्हणायची.

रविवारी मी मैदानाच्या कडेला होतो. अंग गरम करून झाल्यावर, पंचांनी बोलावण्याच्या जरा आधी पुतण्याने सगळ्यांना गोल केलं. दोन ओळी विसरला, त्या कोणाच्या लक्षात आल्या नाहीत. दिल्याची ओळ विसरला नाही. सातव्या मिनिटाला बाळ्याचा घोटा सुटला, तरी नाना आलाच. दोघे मिळून बाद झाले आणि बाहेर जाताना नानाने बाळ्याच्या पाठीवर थाप मारली. सामना त्यांनी तीन गुणांनी गमावला. समोरचा डावखुरा खरोखरच भारी होता. दिल्याने पहिल्या टाइमआउटला सांगितलं होतं की तो वळण्याआधी उजवा पाय आत टाकतो. त्यानंतर त्याच्या दोन पकडी झाल्या.

कोणी कर्णधार हे वाचत असेल तर एवढंच: आमचा मसुदा जसाच्या तसा उचलू नका, त्यातले बाळ्या आणि नाना तुमचे नाहीत. तुमच्या उपांत्य सामन्यातली पकड शोधा. आणि 'चला' म्हटल्यावर आणखी काही आठवलं तर ते टाइमआउटसाठी राखून ठेवा. प्रत्येक डावात तीस सेकंदांचे दोन मिळतात.