जाळं कापायला किती रेषा?

हजार ओळी, प्रत्येक ओळीत हजार ठिपके आणि प्रत्येक ठिपका वर-खाली, डावी-उजवीकडच्या शेजाऱ्यांशी रेषेने जोडलेला, असं एक जाळं डोळ्यांसमोर आणा. ठिपके दहा लाख, रेषा जवळजवळ वीस लाख. याचे दोन सारखे तुकडे करायचे तर किती रेषा कापाव्या लागतील? मधोमध उभी कात्री चालवली की काम झालं. फक्त १०००.

आता तेच दहा लाख ठिपके वेगळ्या पद्धतीने जोडू. प्रत्येक ठिपक्याला x आणि y असा दोन आकड्यांचा पत्ता आहे, दोन्ही आकडे ० ते ९९९ मधले. (x, y) हा ठिपका (x+2y, y), (x+2y+1, y), (x, y+2x) आणि (x, y+2x+1) या चौघांशी जोडायचा. बेरीज हजाराच्या पलीकडे गेली की त्यातून हजार वजा करत राहायचं. हेच नियम उलट, म्हणजे वजाबाकीने, वापरले की आणखी चार शेजारी मिळतात. असे प्रत्येक ठिपक्याला आठ धागे. या जाळ्याचे कसेही दोन सारखे भाग करा, निदान २,३२,००० रेषा कापाव्याच लागतात. रेषा दुप्पट आहेत म्हणून हे घडतं असं वाटेल, पण पहिल्या जाळ्यातली प्रत्येक रेषा दुहेरी केली तरी कात्रीला २००० रेषाच भेटतील.

अशा जाळ्यांना एक्सपांडर ग्राफ म्हणतात: रेषा मोजक्या, तरी कुठेही कच्चा सांधा नाही. त्यांची निकड टेलिफोनच्या जोडण्यांसारख्या प्रश्नांतून पुढे आली, कारण तिथे तारांचा खर्च वाचवायचा असतो आणि वाट तुंबूही द्यायची नसते. १९७३ साली पिन्स्कर यांनी दाखवलं की ठिपके नुसते यदृच्छेने जोडले तरी बहुतेक वेळा असं जाळं मिळतं. त्याच वर्षी ग्रिगोरी मार्गुलिस यांनी यदृच्छेचा आधार न घेता, नियमाने बांधलेलं पहिलं जाळं दिलं. वरचा आठ धाग्यांचा नियम हे त्यांच्याच रचनेचं एक रूप आहे, आणि त्यातला आकडा १९८१ मध्ये गॅबर आणि गलील यांच्या कामातून आला.

पण ‘कसेही दोन भाग करा’ हे कोणी कशाच्या जोरावर म्हणावं? आधी मोजायचं काय ते ठरवू. निम्म्यापर्यंत कितीही ठिपक्यांचा एक गट निवडा. गटातून बाहेर जाणाऱ्या रेषांना गटातल्या ठिपक्यांच्या संख्येने भागा. सगळ्या गटांमध्ये हा भागाकार जिथे सर्वांत लहान येतो, ती किंमत म्हणजे जाळ्याचं एज एक्सपान्शन. तिला h म्हणू. h लहान म्हणजे जाळं स्वस्तात तुटतं. अडचण गटांच्या संख्येची आहे. दहा ठिपक्यांच्या जाळ्यात असे ६३७ गट होतात, तेवढे एखादा चिकाटीचा माणूस तपासेल. शंभर ठिपक्यांचे दोन सारखे भाग करायचे तर नुसत्या अर्ध्या गटांची संख्याच तीस अंकी होते. मोठ्या जाळ्यासाठी h नेमकं शोधण्याची जलद रीत आजवर कोणालाही सापडलेली नाही.

इथे स्पेक्ट्रल गॅप कामाला येतो. पाठ्यपुस्तकं तो मॅट्रिक्सच्या आयगेनव्हॅल्यूंमधून शिकवतात. मला दुसरी वाट जास्त सरळ वाटते. प्रत्येक ठिपक्यावर एक आकडा लिहा, धन किंवा ऋण, पण सगळ्यांची बेरीज शून्य हवी आणि सगळेच शून्य नकोत. प्रत्येक रेषेच्या दोन टोकांवरच्या आकड्यांचा फरक घ्या, त्याचा वर्ग करा आणि हे सगळे वर्ग मिळवा. या बेरजेला जाळ्यातला ताण म्हणू. ताणाला सगळ्या आकड्यांच्या वर्गांच्या बेरजेने भागा. आकडे हुशारीने लिहून हा भागाकार जितका खाली आणता येईल, ती तळाची किंमत म्हणजे स्पेक्ट्रल गॅप. सगळे गट तपासण्यापेक्षा ही किंमत काढणं फार सोपं आहे. लाखो ठिपक्यांसाठीही संगणक ती काढतो.

कापण्याशी तिचा संबंध दोन ओळींत दिसतो. जाळ्याचे दोन सारखे भाग करा, एका भागावर +१ आणि दुसऱ्यावर –१ लिहा. भागांच्या आतल्या रेषांवर फरक शून्य. कापलेल्या प्रत्येक रेषेवर फरक २, म्हणून वर्ग ४. म्हणजे ताण कापलेल्या रेषांच्या चौपट आणि भागाकार म्हणजे हा ताण भागिले एकूण ठिपके. एकूण ठिपके गटाच्या दुप्पट असल्याने हे उत्तर ‘कापलेल्या रेषा भागिले गट’ या किमतीच्या बरोबर दुप्पट येतं. गॅप हा तर सगळ्यांत लहान भागाकार, तो याहून मोठा असूच शकत नाही. गट निम्म्याहून लहान असेल तर आकडे थोडे बदलावे लागतात, निष्कर्ष तोच राहतो: h कधीही गॅपच्या निम्म्यापेक्षा कमी नसतं.

याचं देखणं उदाहरण म्हणजे पीटरसनचा ग्राफ. बाहेर एक पंचकोन, आत पाच टोकांची चांदणी आणि पंचकोनाचा प्रत्येक कोपरा चांदणीच्या समोरच्या टोकाशी जोडलेला. दहा ठिपके, प्रत्येकाला तीन शेजारी. शेजारी-शेजारी असलेल्या दोन ठिपक्यांना सामाईक शेजारी नसतो आणि शेजारी नसलेल्या कोणत्याही दोघांना तो नेमका एकच असतो. एवढ्यावरून गॅप हाताने काढता येतो. ठिपक्यांवर शून्य बेरजेचे आकडे आहेत असं धरा. प्रत्येक ठिपक्यावर त्याच्या तिन्ही शेजाऱ्यांच्या आकड्यांची बेरीज लिहा, आणि हीच क्रिया पुन्हा एकदा करा. दुसऱ्या फेरीनंतर ठिपक्यावर त्याचा मूळ आकडा तीनदा आणि शेजारी नसलेल्या सहा जणांचा एकेकदा जमा झालेला असतो. यात पहिल्या फेरीचं उत्तर, म्हणजे शेजाऱ्यांचे तीन आकडे, मिळवले की दहाही ठिपके एकेकदा येतात आणि मूळ आकडा आणखी दोनदा उरतो. दहांची बेरीज शून्य, म्हणून शिल्लक राहते फक्त मूळ आकड्याची दुप्पट. आता एका फेरीने प्रत्येक आकडा λ पट होतो असे आकडे घेतले, तर λ² + λ = २. म्हणजे λ एक तरी १ असतो, नाहीतर –२. अशा आकड्यांसाठी आपला भागाकार ३ – λ येतो आणि तळाची किंमतही अशाच आकड्यांवर मिळते. म्हणून गॅप ३ – १ = २.

गॅपचं निम्मं १. म्हणजे पाचपर्यंत ठिपक्यांचा कोणताही गट घ्या, त्यातून बाहेर जाणाऱ्या रेषा त्याच्या ठिपक्यांइतक्या तरी असणारच. ६३७ गटांपैकी एकही न तपासता हे कळलं. आणि याहून चांगली हमी देता येत नाही, कारण बाहेरच्या पंचकोनाचे पाच ठिपके घेतले तर कापायच्या रेषा नेमक्या पाच.

गॅप लहान असेल तर मात्र प्रकरण इतकं चोख राहत नाही. हजार ठिपक्यांचं साधं कडं घ्या, प्रत्येकाला दोन शेजारी. ते दोन रेषा कापून निम्मं होतं, म्हणून h = २/५०० = ०.००४. त्याचा गॅप सुमारे ०.००००४ आहे, म्हणजे आपली हमी ०.००००२ इतकीच. खरं h तिच्या दोनशेपट! कारण असं की कड्यावर +१ वरून एकदम –१ वर उडी मारायची गरज नसते. आकडे लाटेसारखे हळूहळू उतरवले तर प्रत्येक रेषेवर फरक इवलासा राहतो, आणि इवल्या फरकाचा वर्ग त्याहून किती तरी लहान. ताण अख्ख्या कड्यावर पसरून जवळपास नाहीसा होतो.

तरीही ही फसगत एका मर्यादेपलीकडे जात नाही. जेफ चीगर यांनी १९७० मध्ये वक्र पृष्ठभागांसाठी सिद्ध केलेला एक निष्कर्ष १९८० च्या दशकात डॉडझियुक, अ‍ॅलन आणि मिलमन यांनी जाळ्यांवर आणला. प्रत्येक ठिपक्याला d शेजारी असतील तर h हे √(2d × गॅप) याच्या वर जात नाही. कड्यासाठी ही वरची मर्यादा सुमारे ०.०१२६ येते, ०.००४ च्या बऱ्यापैकी जवळ. या सिद्धतेचा फायदा असा की ती कात्री कुठे चालवायची तेही सांगते. कमीत कमी ताणाचे आकडे मिळाले की ठिपके त्या आकड्यांच्या चढत्या क्रमाने लावा आणि रांग एकेका जागी तोडून पाहा. हजार ठिपक्यांसाठी ९९९ जागा. त्यांतल्या एका तरी जागी वरच्या मर्यादेत बसणारा काप सापडतोच.

मग प्रत्येक ठिपक्याला तीनच धागे ठेवून पीटरसनसारखा २ चा गॅप असलेलं मोठं जाळं का बांधू नये? ते शक्य नाही. अ‍ॅलन आणि बोप्पाना यांच्या निष्कर्षानुसार जाळं वाढत जातं तसा गॅप d – 2√(d–1) याच्या वर टिकत नाही. तीन धाग्यांसाठी ही किंमत जेमतेम ०.१७, आठ धाग्यांसाठी सुमारे २.७. मार्गुलिसच्या जाळ्याची हमी ८ – ५√२, म्हणजे ०.९३ च्या आसपास. वर सांगितलेले २,३२,००० तिच्याच निम्म्यातून आले. १९८८ मध्ये लुबोट्स्की, फिलिप्स आणि सारनाक यांनी, आणि स्वतंत्रपणे मार्गुलिस यांनी, ही कमाल मर्यादा गाठणारी जाळी ठरावीक संख्येच्या धाग्यांसाठी बांधली. त्यांना रामानुजन ग्राफ म्हणतात. रामानुजन यांनी अशी जाळी कधी पाहिली नव्हती. त्यांनी १९१६ मध्ये मांडलेल्या एका अटकळीचं व्यापक रूप या सिद्धतेला आधार देतं, म्हणून ते नाव.

प्रत्यक्षातल्या जाळ्यांवर गॅप वापरताना एक जागा हमखास चकवते. हजार ठिपक्यांचं उत्तम विणलेलं जाळं घ्या आणि त्याच्या एका ठिपक्याला वीस ठिपक्यांची शेपटी बांधा. शेपटी एक रेषा कापून सुटते, म्हणून h फार तर १/२० आणि गॅप फार तर ०.१, मग मुख्य जाळं कितीही पक्कं असो. गॅप सगळ्यांत कच्च्या सांध्याचीच खबर देतो, तो सांधा किती लोकांना तोडतो हे सांगत नाही. ओळखीपाळखीच्या मोठ्या जाळ्यांत अशा शेपट्या भरपूर असतात आणि रांग तोडण्याची रीत आधी त्याच छाटून पुढे ठेवते. म्हणून गॅप लहान आला की जाळं दुभंगलेलं आहे असं ठरवण्याआधी सुटलेला तुकडा मोजावा. तो मूठभर ठिपक्यांचा असेल तर बाजूला काढून उरलेल्याचा गॅप नव्याने काढावा.