लग्न, सूर्य, चंद्र: कुणाचं वजन किती?

मराठी माणसाला ‘तुमची रास कोणती?’ असं विचारलं, की तो चंद्राची रास सांगतो. लंडनमधला माणूस जन्मतारखेवरून सूर्याची सांगतो. तिथल्या वर्तमानपत्री भविष्याला जोर आला तो १९३०च्या ऑगस्टमध्ये. नुकत्याच जन्मलेल्या राजकन्या मार्गारेटची पत्रिका आर. एच. नेलर यांनी ‘संडे एक्स्प्रेस’मध्ये मांडली, आणि पुढे सूर्यराशीचे स्तंभ रुळले. सूर्यरास महिनाभर टिकते, त्यामुळे नुसत्या तारखेवर काम भागतं. छापणाऱ्याची ही सोय होती. जुन्या ग्रीक परंपरेत सूर्याला असा एकछत्री मान नव्हता. दुसऱ्या शतकातला टॉलेमी मनाचा स्वभाव पाहताना बुध आणि चंद्राकडे वळतो.

आजचा पाश्चात्त्य ज्योतिषी मात्र तिन्ही बघतो. लग्न म्हणजे जन्मवेळी पूर्व क्षितिजावर उगवणारी रास. त्यावरून माणसाचा बाहेरचा वावर आणि पहिली छाप सांगतात. सूर्यावरून इच्छाशक्ती आणि ‘मी कोण’ ही जाणीव, चंद्रावरून भावना, सवयी आणि एकांतातला माणूस. इथवर कुठल्याही पुस्तकात सापडतं. खरी अडचण पुढे येते. तिघांची तोंडं तीन दिशांना असली, तर ऐकायचं कुणाचं? तिघांना सारखे गुण देऊन बेरीज करणारे बरेच आहेत, पण त्यातून कुणालाही लागू पडेल असं गुळमुळीत वर्णन निघतं.

राजकन्या डायनाची पत्रिका बघू. जन्म १ जुलै १९६१, सँडरिंगहॅम. सायन पद्धतीने सूर्य कर्केत, चंद्र कुंभेत. या दोन्हींबद्दल वाद नाही, कारण चंद्रही एका राशीत सुमारे अडीच दिवस राहतो. वाद वेळेचा होता. सुरुवातीला दुपारी दोनच्या सुमाराची वेळ फिरत होती, तिच्यावरून लग्न तूळ येत होतं. नंतर संध्याकाळी पावणेआठची वेळ सर्वत्र स्वीकारली गेली, आणि लग्न धनू झालं. त्यातही ती घड्याळाची उन्हाळी वेळ. ग्रिनिचच्या हिशेबाने पावणेसात. हा तास वजा करायला कुणी विसरला, तर धनूच्या अठराव्या अंशावरचा लग्नबिंदू थेट मकरेच्या उंबरठ्यावर जातो.

म्हणून माझ्या मते वजन करण्याआधी माहितीचा भरवसा तपासायचा. इंग्लंडच्या अक्षांशावर कन्या, तूळ यांना उगवायला अडीच तासांहून जास्त लागतात, मीन आणि मेष तासाभरातच उगवून जातात. ‘सकाळी कधीतरी’ एवढ्याच आठवणीवर मीन लग्न सांगणाऱ्याने गप्प राहिलेलं बरं.

पावणेआठ धरून पुढे जाऊ. आता कोणता घटक बाकी पत्रिकेशी किती गुंतलाय ते बघायचं. डायनाचा चंद्र कुंभेच्या पंचविसाव्या अंशावर, समोर सिंहेत हर्षल जवळजवळ तितक्याच अंशांवर, त्यांच्याशी वृषभेचा शुक्र केंद्रयोगात. चंद्राला असा तिहेरी ताण असला की तो नुसती ‘अलिप्त कुंभ’ राहत नाही. जवळीक हवी आणि बंधन सोसवत नाही, अशी ओढाताण ज्योतिषी तिथे वाचतात. लग्नस्वामी गुरूही कुंभेतच, म्हणजे धनू लग्नाचा धागा पुन्हा चंद्राच्याच राशीत येऊन पोचतो. सूर्य बुधासोबत सप्तम स्थानात, नेपच्यूनशी त्रिकोणात, त्यामानाने निवांत. घर आणि नात्यांतून स्वतःला शोधणारी कर्क तिथे दिसते, पण पत्रिकेतला सगळा ताण चंद्राकडे आहे. मी पारडं चंद्राकडे झुकवेन, मग सूर्य, आणि धनूचा मोकळा, थट्टेखोर वावर सर्वांत वरच्या थराला. तूळ लग्न खरं असतं तर लग्नस्वामी शुक्र झाला असता, आणि तोही चंद्राच्याच केंद्रयोगात. थोडक्यात, या पत्रिकेत वेळ बदलली तरी चंद्र जड राहतो.

आपल्याकडच्या निरयन पद्धतीने तेवीस अंशांहून जास्त वजा केले, तर सूर्य मिथुनेत आणि लग्न वृश्चिकेत जातं. चंद्र तेवढा कुंभेतच उरतो, अगदी सुरुवातीच्या अंशांत.

एक खटकणारी गोष्ट राहतेच. डायनाचं आयुष्य सगळ्यांना ठाऊक होतं. तूळ लग्न धरलं तर तिची शालीनता आठवते, धनू धरलं तर तिचा मनमोकळेपणा, आणि दोन्ही पटतात. नाव झाकून पत्रिका वाचायला दिली की काय होतं, ते शॉन कार्लसन यांनी अमेरिकेत तपासलं. त्यांचा निष्कर्ष १९८५मध्ये ‘नेचर’मध्ये आला. एका पत्रिकेसमोर तीन व्यक्तिमत्त्व-वर्णनं ठेवून त्यांतलं जुळणारं निवडायला सांगितलं, तेव्हा ज्योतिष्यांची अचूक निवड तीनात एकदाच झाली. डोळे मिटून बोट ठेवलं असतं तरी एवढंच जमलं असतं.