फ्लोचार्टचं चित्र आलंच नाही, मग आउटपुट कसं काढायचं?



वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गृहपाठ येतो. "खालील फ्लोचार्टमध्ये ३५२४ ही संख्या दिली तर आउटपुट काय येईल? पर्याय : १, २, ३, ६१७४." आणि खाली चित्राच्या जागी नुसता धूसर चौकोन. गगनबावडा, शाहूवाडीकडच्या वाड्यांवर रेंज इतकीच असते की मजकूर येतो, चित्र फिरत राहतं. मग घरात अंदाज सुरू होतात. पर्याय बघून "तीन असेल बघ" असं कोणीतरी म्हणतं.

इथंच थांबायचं. या प्रश्नाचं उत्तर प्रश्नाच्या वाक्यात नाहीच. ३५२४ ही फक्त आत टाकायची संख्या आहे. तिचं पुढं काय करायचं ते चौकटींत लिहिलंय आणि कोणत्या क्रमानं करायचं ते बाणांत. पर्यायांवरून ओळखायला जाल तर आणखी फसाल. कसं ते पुढं बघूच.

चित्र नसलं तरी ज्याच्याकडं ते उघडलंय त्याला फोन करता येतो. पण "काय आहे रे त्यात?" असं विचारलं की समोरचा फक्त चौकटींतली वाक्यं वाचतो आणि बाण गाळतो. म्हणून त्याला आधी प्रत्येक चौकटीला क्रमांक द्यायला सांगा. मग प्रत्येक चौकटीबद्दल दोनच गोष्टी विचारा : आत काय लिहिलंय, आणि तिथून बाण कितव्या चौकटीत जातो?

शंकरपाळीच्या आकाराची चौकट आली की जास्त सावध व्हा. तिच्यात प्रश्न असतो. ती आपल्या मिरजकर तिकटीसारखी समजा : एका रस्त्यानं आत यायचं आणि पुढं दोन रस्ते, एकावर "होय", दुसऱ्यावर "नाही". शंकरपाळीतून एकच बाण सांगितला गेला असेल, तर वाचणाऱ्याकडून एक रस्ता सुटलाय. उलट साध्या आयतातून दोन बाण निघतात असं कोणी सांगितलं, तर त्यानं आकार चुकीचा पाहिलाय. चित्र न बघताही वाचन पुरं झालं की नाही, हे एवढ्यावरून कळतं.

समजा फोनवरून हे मिळालं :

१. सुरू
२. संख्या वाचा
३. फेरी = ०
४. संख्येचे अंक उतरत्या क्रमाने मांडा, ती "मोठी". चढत्या क्रमाने मांडा, ती "लहान"
५. संख्या = मोठी − लहान
६. फेरी = फेरी + १
७. (शंकरपाळी) संख्या ६१७४ आहे का? होय → ८, नाही → ४
८. फेरी छापा
९. थांबा

ही रीत आपल्याच माणसाची आहे. नाशिकजवळच्या देवळालीत शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकर यांनी १९४९ साली ६१७४ ची ही गंमत मांडली. चार अंकी कोणतीही संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. जास्तीत जास्त सात फेऱ्यांत ती ६१७४ वर येते आणि मग तिथंच राहते.

आता वहीत तीन रकाने आखा : मोठी − लहान, नवी संख्या, फेरी. प्रत्येक फेरीला एक ओळ. डोक्यात काहीही धरायचं नाही.

५४३२ − २३४५ = ३०८७, फेरी १. ६१७४ आहे का? नाही, परत ४ वर.
८७३० − ०३७८ = ८३५२, फेरी २. नाही, परत ४ वर.
८५३२ − २३५८ = ६१७४, फेरी ३. होय, ८ वर जा.

छापायची आहे फेरी, म्हणून आउटपुट ३.

मग अंदाज बरोबरच होता की! तर आता याच चौकटी ठेवून एकेक गोष्ट बदलून बघा. सहावी चौकट शंकरपाळीच्या आधी नसून "नाही"च्या रस्त्यावर असती, तर शेवटची फेरी मोजलीच गेली नसती आणि उत्तर आलं असतं २. "नाही"चा बाण चौथ्याऐवजी तिसऱ्या चौकटीत गेला असता, तर प्रत्येक वेळी फेरी पुन्हा शून्य झाली असती आणि शेवटी छापलं गेलं असतं १. आठव्या चौकटीत "फेरी"ऐवजी "संख्या छापा" असतं, तर ६१७४. म्हणजे चारही पर्याय कुठल्या ना कुठल्या फ्लोचार्टचं बरोबर उत्तर आहेत. पर्याय तयार करणारा असाच विचार करून ते बनवतो. त्यामुळं फोनवर सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न कोणता, तर "मागं येणारा बाण नेमका कुठं टेकतो?" दोन चौकटींच्या मधल्या रेषेवर टेकत असेल, तर त्या रेषेच्या पुढची चौकट धरायची.

मुलांची खरी अडखळण मात्र शून्यापाशी होते. २१११ देऊन बघा. २१११ − १११२ = ९९९. इथं मूल ९९९ लिहितं आणि पुढं ९९९ − ९९९ = ० करून बसतं. मग ० मधून ०, परत ०. शंकरपाळी "नाही" म्हणत राहते आणि वही भरते. ती संख्या ०९९९ अशी चार अंकांत लिहायची :

९९९० − ०९९९ = ८९९१
९९८१ − १८९९ = ८०८२
८८२० − ०२८८ = ८५३२
८५३२ − २३५८ = ६१७४

पहिली वजाबाकी धरून पाच फेऱ्या, आउटपुट ५.

चूक पकडायला दोन सोप्या खुणा आहेत. तेच अंक उलटसुलट मांडून वजाबाकी केली, की उत्तराला नेहमी ९ ने भाग जातो. म्हणून प्रत्येक नव्या संख्येच्या अंकांची बेरीज करा. ३०८७ ची १८, ८३५२ ची १८. कुठं १७ किंवा १९ आली, की त्याच ओळीत हातचा चुकलाय. दुसरी खूण, सातवी फेरी झाली आणि तरी ६१७४ नाही, तर पुढं जाऊ नका, मागं जाऊन तपासा. पहिली खूण शून्याची चूक पकडणार नाही हं, कारण ० लाही ९ ने भाग जातो. ती दुसरीच पकडते.

शिक्षकांसाठी एक. चित्र पाठवताना वरच्यासारख्या नऊ ओळी टाइप करून सोबत टाका. दोन मिनिटांचं काम आहे, आणि मजकूर कमी रेंजमध्येही पोचतो. त्या ओळी चित्र झाकून एकदा स्वतः सोडवा, म्हणजे सुटलेला बाण लगेच दिसतो.

आणि वर्गात कोणीतरी ११११ देणारच. मोठी ११११, लहान ११११, वजाबाकी ०, आणि हा फ्लोचार्ट थांबतच नाही. त्या मुलाला "आउटपुट येत नाही" हे उत्तर लिहू द्या, ते बरोबर आहे. मग विचारा, दुसऱ्या चौकटीनंतर एक शंकरपाळी घालायची झाली तर तिच्यात कोणता प्रश्न लिहशील, आणि तिचे दोन रस्ते कुठं नेशील?