सणासमारंभापुरतं घड्याळ: चावीचं की ऑटोमॅटिक?

मोबाइलमुळे मनगटावरचं घड्याळ अनेकांच्या रोजच्या वापरातून गेलं, पण कपाटातून गेलं नाही. लग्नकार्य, दिवाळी, एखादी महत्त्वाची बैठक असली की ते बाहेर येतं आणि नेमकं बंद पडलेलं असतं. सेलचं घड्याळ असेल तर सेल संपलेला असतो. तो संपलेला सेल वर्षानुवर्षं आतच राहिला तर पाझरतो आणि घड्याळाचं सर्किट खाऊन टाकतो. म्हणून क्वचित वापरासाठी यांत्रिक घड्याळ घ्यावं, असा विचार बरेच जण करतात आणि दुकानात गेल्यावर पहिलाच प्रश्न येतो: चावीचं की ऑटोमॅटिक? विक्रेता बहुधा ऑटोमॅटिक पुढे करतो. ‘चावी द्यायची कटकट नाही’ हे त्याचं म्हणणं रोज घड्याळ घालणाऱ्यासाठी खरंही आहे. महिन्यातून एक-दोनदा घालणाऱ्याच्या बाबतीत मात्र हिशेब उलटा होतो.

आतून ही दोन्ही घड्याळं जवळजवळ सारखीच असतात. एका चपट्या डबीत पोलादी पट्टीची गुंडाळलेली स्प्रिंग असते. ती हळूहळू उलगडते, दातेरी चक्रं फिरवते आणि बॅलन्स व्हील त्या गतीला लगाम घालून काटे ठरावीक वेगानं पुढे नेतं. फरक एवढाच, की स्प्रिंग गुंडाळतं कोण. चावीच्या घड्याळात आपली दोन बोटं. ऑटोमॅटिकमध्ये मागच्या बाजूला एक अर्धगोल वजन, म्हणजे रोटर, बसवलेला असतो. हात हलला की तो फिरतो आणि चक्रांच्या मदतीनं तीच स्प्रिंग गुंडाळतो.

ही युक्ती मनगटी घड्याळात व्यवहारात आणली जॉन हारवूड या इंग्लिश घड्याळजीनं. त्याचं स्विस पेटंट १९२४ सालचं. आळशी गिऱ्हाइकांची सोय हा त्याचा मुख्य हेतू नव्हता. घड्याळं बिघडतात ती चावीच्या भोकातून शिरणाऱ्या धुळीनं आणि ओलाव्यानं, असं त्याचं निरीक्षण होतं. ते भोकच नको म्हणून त्यानं घड्याळ हाताच्या हालचालीवर चालवलं आणि काटे लावण्यासाठी काचेभोवतीची कडी फिरवायची सोय केली. पूर्ण गोल फिरणारा रोटर रोलेक्सनं १९३१ मध्ये आणला आणि आजची बहुतेक ऑटोमॅटिक घड्याळं त्याच वाटेनं जातात.

पूर्ण गुंडाळलेली स्प्रिंग किती वेळ पुरते? दोन्ही प्रकारांत साधारण चाळीस तास. काही नव्या घड्याळांत ती ८० तासांपर्यंत जाते. शुक्रवारी संध्याकाळी काढून सोमवारी सकाळी घालणाऱ्याला ८० तास कामाचे आहेत. पंधरा दिवसांनी घालणाऱ्याला ४० काय नि ८० काय, घड्याळ बंदच सापडणार. तेव्हा आपला खरा प्रश्न घड्याळ किती चालतं हा नाही. बंद पडलेलं घड्याळ पुन्हा चालू करायला किती खटाटोप पडतो, हा आहे.

एक उदाहरण घेऊ. वार-तारीख दाखवणारं ऑटोमॅटिक घड्याळ तुम्ही रविवारी १० तारखेला दिवसभर घातलं आणि रात्री दहाला काढून ठेवलं. चाळीस तासांनी, मंगळवारी १२ तारखेला दुपारी दोनच्या सुमारास ते थांबलं. आता शनिवार ३० तारीख आहे, संध्याकाळचे सात वाजलेत आणि रिसेप्शनला निघायचंय. घड्याळात दोन वाजलेत, पण ते दुपारचे की रात्रीचे, हे तबकडी सांगत नाही. तारीख बदलणारी चक्रं रात्री नऊ ते पहाटे चारच्या दरम्यान एकमेकांत अडकलेली असतात. त्या वेळेत चावी अर्धी ओढून तारीख झटपट पुढे ढकलली, तर बऱ्याच घड्याळांत दाता तुटू शकतो किंवा तारीख दोन आकड्यांच्या मध्येच अडकून बसते. दुरुस्तीला येणाऱ्या वार-तारखेच्या घड्याळांतलं हे नेहमीचं दुखणं आहे.

बरोबर पद्धत अशी. चावी पूर्ण बाहेर ओढा आणि काटे पुढे फिरवत न्या. बारावर तारीख बदलली, म्हणजे मध्यरात्र उलटली. तसंच पुढे जाऊन काटे सकाळी सहा-साडेसहावर आणा. आता चावी एक टप्पा आत घ्या आणि वार-तारीख आजची नाही, कालची लावा: शुक्रवार, २९. मग चावी पुन्हा पूर्ण ओढून काटे पुढे फिरवा. मध्यरात्र ओलांडली की शनिवार ३० दिसेल. तिथून पुढे दुपारचे बारा ओलांडून संध्याकाळच्या सातवर या आणि चावी दाबून आत बसवा. हे सगळं नीट केलं तर तीन-चार मिनिटांचं काम आहे. घरातले सगळे दारात चपला घालून उभे असताना ते नीट होत नाही, एवढीच अडचण.

बरं, वेळ लावली म्हणजे स्प्रिंग भरली असं नाही. चार झटके दिले की ऑटोमॅटिक टिकटिकायला लागतं, पण ते जेमतेम भांडवलावर चाललेलं असतं. स्प्रिंगमध्ये ताण कमी असला की बॅलन्स व्हीलचे हेलकावे लहान होतात आणि वेळही बिघडायला लागते. रिसेप्शनला दोन तास खुर्चीत बसलात, थोडं जेवलात, रात्री अकराला घड्याळ काढलंत, तर सकाळी मुहूर्ताला ते पुन्हा बंद असू शकतं. उपाय सोपा आहे: घालण्याआधी चावीला पंचवीस-तीस वळसे द्या. पण सगळीच ऑटोमॅटिक घड्याळं हातानं भरता येत नाहीत. भारतात वर्षानुवर्षं भरपूर विकल्या गेलेल्या जुन्या सेको ५ घड्याळांतलं ७एस२६ हे यंत्र तसलंच. त्याची चावी फक्त वेळ आणि वार-तारीख लावते, स्प्रिंग भरत नाही. ते आडवं धरून अर्धा-एक मिनिट हलवायचं आणि पुढचं हातावर सोडायचं. नंतर आलेल्या ४आर३६ मध्ये ही उणीव भरून काढली. विकत घेताना हे विचारून घ्यावं.

ज्यांची चावी स्प्रिंग भरते, त्या घड्याळांतही एक गोष्ट लक्षात ठेवावी. रोटर कुठल्याही दिशेला फिरला तरी स्प्रिंग एकाच दिशेनं भरावी म्हणून आत छोटी चक्रं असतात. त्यांतलं तेल वाळलं किंवा मळ साचला की हातानं चावी देताना मागचा रोटरही गरगरा फिरायला लागतो. मागे काच असेल तर हे दिसतं, नसेल तर घरघर जाणवते. असं झालं की चावी देणं थांबवावं आणि घड्याळ सर्व्हिसिंगला द्यावं.

आता हाच शनिवार चावीच्या घड्याळासोबत. एचएमटी जनता घ्या: सतरा ज्वेलचं साधं यंत्र, ना तारीख ना वार. घड्याळ हातातून काढलेलंच आहे, चावीला तीसेक वळसे द्या, काटे सातवर आणा, घाला. अर्ध्या मिनिटाचं काम, आणि स्प्रिंग पूर्ण भरलेली असल्यामुळे उद्या सकाळचा मुहूर्तही निभावतो. दोन्ही यंत्रांत एक छोटा भेद आहे आणि तो इथे उपयोगी पडतो. चावीच्या घड्याळात स्प्रिंगचं बाहेरचं टोक डबीला पक्कं अडकवलेलं असतं. त्यामुळे ती भरली की बोटांना स्पष्ट अडथळा जाणवतो आणि तिथे थांबायचं. ऑटोमॅटिकमध्ये रोटर दिवसभर भरतच राहणार, म्हणून ते टोक घसरतं ठेवलेलं असतं. भरलं की नाही हे बोटांना कळत नाही, वळसे मोजावे लागतात.

‘जास्त चावी बसली म्हणून घड्याळ बंद पडलं’ असं म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे. अडथळा आल्यावर जोर केला नसेल, तर पूर्ण चावी दिल्यानं घड्याळ बंद पडत नाही. स्प्रिंग भरलेली असूनही ते चालत नसेल, तर दोष आतल्या वाळलेल्या तेलाचा किंवा मळाचा असतो. बिचाऱ्या चावी देणाऱ्याला उगाच बोल लागतो. चावी देताना घड्याळ मनगटावर मात्र नको. हातात असताना चावी तिरकी ओढली जाते आणि तिची बारीक दांडी वाकते.

ऑटोमॅटिकवाल्यांना दुकानदार आणखी एक वस्तू सुचवतो: घड्याळ सतत फिरवत ठेवणारी पेटी, वाइंडर. तिच्यात ठेवलं की घड्याळ कधी बंद पडत नाही, तारीख लावायला नको. चंद्राच्या कला आणि लीप वर्ष दाखवणारं महागडं घड्याळ असेल तर ते पटतं. साध्या घड्याळाला ती नको, असं माझं स्पष्ट मत आहे. तासाला २१,६०० ठोके देणारं यंत्र दिवसाला पाच लाखांहून जास्त ठोके देतं. वर्षात वीस दिवस घालायच्या घड्याळाला उरलेले दिवस कपाटात धावायला लावलं, तर झीज तेवढी होणार आणि उपयोग शून्य. थांबलेलं घड्याळ खराब होत नाही. आजची कृत्रिम तेलं उभ्या उभ्या गोठून जात नाहीत. महिन्याभरात कधीतरी चावी देऊन ते नीट चालतंय ना, एवढं पाहिलं तरी पुष्कळ.

रोटर नसल्यामुळे चावीचं घड्याळ बारीकही करता येतं. ईटीए ७००१ हे प्रसिद्ध स्विस चावीचं यंत्र अडीच मिलिमीटर जाडीचं आहे आणि त्याच कंपनीचं सर्रास वापरलं जाणारं २८२४ हे ऑटोमॅटिक ४.६ मिलिमीटरचं. एवढासा फरक, पण शर्टाच्या बंद कफाखाली किंवा शेरवानीच्या बाहीत तो जाणवतो.

मग ऑटोमॅटिक कुणी घ्यावं? आठवड्यातले चार-पाच दिवस घालणाऱ्यानं जरूर घ्यावं. क्वचित घालणाऱ्याला घ्यायचंच असेल तर तारीख नसलेलं आणि हातानं भरता येणारं घ्यावं. पाण्यासाठी चावी आट्यांनी घट्ट बसवलेलं घड्याळही टाळावं, कारण प्रत्येक वेळी ती उघडून भरून पुन्हा बसवताना आटे झिजतात. चावीच्या घड्याळाचीही एक मर्यादा सांगायला हवी. जुन्या साध्या घड्याळांत पाण्यापासून फारसं संरक्षण नसतं. कोकणातल्या पावसाळ्यात किंवा घामेजलेल्या मांडवात काचेच्या आत वाफ दिसली, तर वाट न बघता घड्याळजीकडे न्यावं. दोन दिवसांत वाफ जाते खरी, पण गंज मागे राहतो.

जुनी एचएमटी घड्याळं ऑनलाइन स्वस्तात मिळतात, पण त्यांतल्या अनेकांची तबकडी नव्यानं रंगवलेली आणि आतले भाग वेगवेगळ्या घड्याळांतून जमवलेले असतात. रंग चकचकीत, अक्षरं जाडी-भरडी आणि मूळ कंपनीनं कधी काढलाच नाही असा भडक निळा-नारिंगी रंग दिसला तर समजावं. शक्यतो घड्याळजीकडून, हातात घेऊन घ्यावं. पूर्ण चावी द्यावी, अडथळा एकसारखा वाढत येतो का हे बोटांनी पाहावं. मग एक दिवस तबकडी वर आणि एक दिवस तबकडी खाली करून ठेवावं आणि मोबाइलच्या वेळेशी ताडून पाहावं. दोन्हीकडे दिवसाला अर्ध्या-एक मिनिटाचा फरक जुन्या घड्याळाला माफ आहे. एका बाजूला पाच मिनिटं पुढे आणि दुसरीकडे मागे जात असेल, तर सर्व्हिसिंगचा खर्च किमतीत धरूनच सौदा करावा. दोन्हीकडे सारखंच कित्येक मिनिटं पुढे धावत असेल, तर आधी चुंबकत्वाचा संशय घ्यावा. मोबाइलच्या चुंबकी कव्हरवर किंवा स्पीकरशेजारी ठेवल्यानं असं होतं आणि ते उतरवणं घड्याळजीला दोन मिनिटांचं काम असतं.