हात, चेहरा आणि बांधा : फोटोतला कपी ओळखताना

टॉमस हेन्री हक्स्ली यांचे ‘मॅन्स प्लेस इन नेचर’ हे पुस्तक 1863 मध्ये लंडनला प्रसिद्ध झाले. त्याच्या मुखचित्रात पाच सांगाडे एका ओळीत चालताना दिसतात : गिबन, ओरांगउटान, चिंपांझी, गोरिला आणि शेवटी माणूस. वॉटरहाऊस हॉकिन्स यांनी काढलेले हे चित्र पुढे जगभर छापले गेले, पण त्याखालची बारीक अक्षरांतली टीप बहुतेक ठिकाणी गळाली. बाकीचे सांगाडे एकाच प्रमाणात लहान केले आहेत, गिबनचा मात्र दुप्पट मोठा दाखवला आहे, असे ती टीप सांगते. ती वाचली नाही, तर गिबन इतरांपेक्षा फारसा लहान वाटत नाही. प्रत्यक्षात बहुतेक गिबन 5 ते 8 किलो वजनाचे असतात आणि पूर्ण वाढलेला नर गोरिला दीडशे किलोच्याही पुढे जातो.

प्राणिसंग्रहालयातल्या फोटोंचे दुखणे नेमके हेच आहे. प्राणी चौकटभर यावा म्हणून फोटो कापला जातो आणि आकाराचा अंदाज घेण्याचा आधार नाहीसा होतो. रंगही भरवशाचा नाही. तांबडा ओरांगउटान सावलीत जवळजवळ काळा दिसतो. प्राणिसंग्रहालयांत बहुतेक करून पश्चिम आफ्रिकेच्या सखल जंगलांतला गोरिला असतो. उन्हात त्याची लव तपकिरी दिसते आणि टाळूवर तांबूस झाक असते. गिबनमध्ये तर काळ्यापासून फिकट पिवळसरापर्यंत सगळ्या छटा सापडतात. म्हणून आकार आणि रंग बाजूला ठेवून तीन गोष्टी क्रमाने पाहाव्यात : हात, चेहरा आणि बांधा. हातावरून गट ठरतो, चेहऱ्यावरून नाव कळते आणि बांध्यावरून खात्री होते.

त्याआधी एक प्राथमिक चाळणी लावावी. या चौघांनाही शेपूट नसते. शेपूट दिसली की ते माकड किंवा वानर, मग पुढचा विचारच नको. चिंपांझीच्या पिल्लाच्या बुडाशी पांढऱ्या केसांचा झुबका असतो. तो शेपटीसारखा भासला तरी नुसता केसांचा असतो.

हात : आशियाचे आणि आफ्रिकेचे

शरीररचनाशास्त्रात हातापायांच्या प्रमाणाचे एक साधे माप आहे. दंड आणि पुढचा हात यांच्या हाडांची एकत्र लांबी घ्यायची, तिला मांडी आणि नडगीच्या हाडांच्या एकत्र लांबीने भागायचे आणि शंभराने गुणायचे. माणसात हे उत्तर सुमारे 70 येते, कारण आपले पाय लांब आहेत. चिंपांझीत ते साधारण 106, गोरिलात 116, गिबनमध्ये 130 च्या आसपास आणि ओरांगउटानमध्ये 140 च्या आसपास येते. म्हणजे चिंपांझीचे हात पायांपेक्षा जरासेच लांब असतात, तर ओरांगउटानचे जवळजवळ दीडपट.

फोटोत हाडे मोजता येत नाहीत, पण प्राणी उभा असेल तर बोटांची टोके कुठवर पोहोचतात ते पाहता येते. चिंपांझीची गुडघ्याच्या थोडी खाली येतात, गोरिलाची नडगीच्या मध्यापर्यंत. ओरांगउटानची घोट्याला टेकतात आणि गिबनची जवळजवळ जमिनीला. मघाच्या मापात ओरांगउटान पुढे असूनही डोळ्यांना गिबनचेच हात जास्त लांब वाटतात, कारण त्या मापात पंजा धरलेला नसतो. गिबनचा पंजा आणि बोटे फार लांब असतात आणि त्याचे धड सडपातळ व आखूड असते. धडाशी तुलना केली तर या चौघांत त्याचेच हात सर्वांत लांब ठरतात.

हा फरक जगण्याच्या पद्धतीतून आला आहे. गिबन आणि ओरांगउटान हे आशियातले झाडांवरचे प्राणी. गिबन हातांवर झोके घेत एका फांदीवरून दुसरीवर जातो, तर जड अंगाचा ओरांगउटान चारही पंजांनी फांद्या धरून सावकाश सरकतो. चिंपांझी आणि गोरिला आफ्रिकेतले. तेही झाडावर चढतात, पण जमिनीवर बराच काळ घालवतात आणि चालताना मिटलेल्या बोटांच्या मधल्या पेरांची पाठ जमिनीवर टेकतात. ओरांगउटान जमिनीवर आला तर बहुधा मूठ किंवा तळव्याची कड टेकतो. गिबन दोन पायांवर ताठ चालतो आणि तोल राखण्यासाठी हात वर धरतो. फोटोत जमिनीवर टेकलेला पंजा स्पष्ट दिसत असेल, तर निम्मे काम तिथेच होते.

हाताच्या कसोटीत दोन ठिकाणी फसगत होते. एक म्हणजे बैठक. बसलेल्या प्राण्याचे पाय दुमडलेले असतात, म्हणून कुठल्याही कपीचे हात अवास्तव लांब दिसतात. तेव्हा मांडी आणि नडगी वेगवेगळी नजरेने मोजून मग जोडावी. दुसरी म्हणजे भिंग. मोबाइलने जवळून फोटो काढला आणि प्राण्याचा हात काचेकडे पुढे आलेला असला, की तो हात फुगून मोठा दिसतो आणि मागचे पाय बारीक. असा फोटो हाताच्या मापासाठी निकामी समजावा आणि थेट चेहऱ्याकडे वळावे.

चेहरा : आधी कान, मग नाक

चेहऱ्यात सर्वांत उपयोगी अवयव कान. चिंपांझीचे कान मोठे, बाजूला आलेले आणि आपल्या कानांसारखे असतात. गोरिलाचे कान डोक्याच्या मानाने फारच लहान आणि चिकटलेले. ओरांगउटानचेही लहान असतात, तर गिबनचे बहुधा केसांत लपतात.

त्यानंतर नाक. गोरिलाच्या नाकपुड्या रुंद असतात आणि त्यांच्याभोवती मांसल, उंच कडा असतात. या कडांवरच्या सुरकुत्या प्रत्येक गोरिलात वेगळ्या असतात, म्हणून जंगलातले अभ्यासक एकेका गोरिलाची ओळख नाकाच्या रेखाटनावरून ठेवतात. चिंपांझीचे नाक लहान व बसके, त्याखालचा वरचा ओठ लांब आणि तोंड पुढे आलेले. दोघांच्याही भुवयांच्या जागी हाडाची ठळक कड असते, पण ओरांगउटानमध्ये ती जवळजवळ नसते. त्याचे कपाळ सरळ वर जाते आणि डोळे जवळजवळ असतात.

ओरांगउटान म्हटले की दोन्ही बाजूंना पसरलेले थाळीसारखे गाल आठवतात. ते फक्त प्रौढ नरांचे लक्षण आहे आणि तेही सगळ्या नरांचे नाही. जवळपास एखादा वरचढ नर असेल, तर दुसऱ्या नराचे गाल कितीतरी वर्षे वाढत नाहीत, मात्र तो प्रजननक्षम असतो. पुण्याच्या कात्रज येथील प्राणिसंग्रहालयातून 2003 मध्ये ओडिशातल्या नंदनकाननला गेलेली आणि 2019 मध्ये तिथेच मरण पावलेली बिन्नी ही मादी होती. त्यामुळे तिच्या फोटोत असे गाल शोधणे व्यर्थ. तिथे लांब तांबूस केस, सपाट कपाळ, लहान कान आणि पायाचा हातासारखा पंजा या खुणांवरूनच ओळख पटवावी लागते.

एक फोटो, पायरीपायरीने

सर्वांत जास्त गोंधळ काळ्या केसांच्या प्राण्यांत होतो. समजा, म्हैसूरसारख्या प्राणिसंग्रहालयातला एक फोटो आपल्यासमोर आहे. तिथे थाबो आणि डेम्बा हे दोन नर गोरिला 2021 मध्ये जर्मनीहून आले आणि चिंपांझीही आहेत. फोटोत गवतावर एक काळा प्राणी चारही हातापायांवर उभा आहे, बाजूने दिसतो आहे आणि त्याची पाठ राखाडी आहे. फोटोखाली ‘चंदेरी पाठीचा गोरिला’ असे लिहिले आहे.

पहिली पायरी, हात. बोटांच्या पेरांवर भार आहे, हात पायांपेक्षा थोडेच लांब आहेत. म्हणजे प्राणी आफ्रिकेतला. गिबनच्या कुळातला सर्वांत मोठा, काळाभोर सियामांग इथेच बाद होतो. चिंपांझी की गोरिला, हे मात्र हातावरून ठरवू नये. 106 आणि 116 यांतला फरक डोळ्यांना कळत नाही.

दुसरी पायरी, चेहरा. कान मोठे आहेत आणि केसांच्या बाहेर आले आहेत. नाकपुड्यांभोवती मांसल कडा नाहीत. कपाळावर केस विरळ आहेत. हे सगळे चिंपांझीकडे बोट दाखवते.

तिसरी पायरी, बांधा. गोरिलाचे खांदे आणि मान इतकी भरलेली असते, की पाठीची रेषा खांद्याकडून कमरेकडे स्पष्ट उतरते. नराच्या टाळूवर चावण्याच्या स्नायूंना धरून ठेवणारी हाडाची उंच कड असते, म्हणून डोके निमुळते दिसते. पोट मोठे असते, कारण भरपूर पानपाला पचवायचा असतो. फोटोतल्या प्राण्याची पाठ बरीचशी आडवी आहे, डोके गोल आहे आणि बोटे लांब व अरुंद आहेत. गोरिलाचा तळवा रुंद आणि बोटे आखूड, जाड असती.

आता राहिली राखाडी पाठ. नर गोरिलाची पाठ साधारण बाराव्या वर्षानंतर चंदेरी होऊ लागते. तो रंग खोगिरासारखा पाठभर पसरतो आणि काळ्या खांद्यांशी त्याची सीमा ठळक दिसते. चिंपांझीही वयानुसार पाठीच्या खालच्या भागात आणि पायांवर राखाडी होतो. त्यात नर-मादी असा भेद नसतो. फोटोतला राखाडी रंग कमरेपाशी आणि मांड्यांवर आहे. तेव्हा हा वयस्क चिंपांझी आहे. फोटोखालची ओळ एका खुणेवर विसंबली आणि चुकली.

वय बदलते तसा चेहरा

अशीच चूक पिल्लांच्या बाबतीतही होते. चिंपांझीचा चेहरा बालपणी बहुधा फिकट असतो आणि वयाबरोबर काळवंडतो, गोरिलाच्या पिल्लाचा मात्र लवकरच काळा दिसतो. त्यामुळे काळ्या तोंडाचे छोटे पिल्लू पाहून गोरिला म्हणावे, तर तिथे चिंपांझीचा भाऊबंद बोनोबो आडवा येतो. त्याचा चेहरा जन्मतःच काळा असतो. गुलाबी ओठ, डोक्यावर मधोमध पडलेला भांग आणि सडपातळ अंग यांवरून तो वेगळा ओळखता येतो.

भारतात जंगलात राहणारा कपी एकच : ईशान्येकडचा हूलॉक गिबन. आसाममधल्या जोरहाट जिल्ह्यातले होलोंगापार अभयारण्य त्याच्यासाठी प्रसिद्ध आहे. प्रौढ नर काळा, डोळ्यांवर ठळक पांढऱ्या भुवया. प्रौढ मादी भुरकट-तांबूस, चेहऱ्याभोवती पांढरी किनार. फोटोखाली काळ्याला नर आणि भुऱ्याला मादी लिहिण्याची पद्धत त्यातून पडली, पण ती प्रौढांपुरतीच खरी आहे. पिल्लू फिकट रंगाचे जन्मते, मग काळे होते आणि मादी वयात येताना पुन्हा फिकट होते. म्हणजे काळा हूलॉक वयात न आलेली मादीही असू शकतो. थायलंड-मलेशियाकडच्या पांढऱ्या हातांच्या गिबनला तर हा नियम मुळीच लागू नाही. त्याच्यात काळा आणि फिकट दोन्ही रंग नर-मादी दोघांतही आढळतात.

तेव्हा शरीराच्या दोन वेगळ्या भागांतल्या खुणा एकच नाव सांगत नाहीत, तोवर फोटोखाली नाव लिहू नये. प्राणिसंग्रहालयात गेलात तर एक फोटो बाजूने, पूर्ण अंगाचा घ्या आणि दुसरा कान व नाकपुड्या दिसतील असा चेहऱ्याचा. तिसरा पिंजऱ्याबाहेरच्या नामफलकाचा घ्या आणि तिन्ही फोटो एकत्र जपून ठेवा.