श्टुटगार्टच्या सीनियरला पहिला मेल

परदेशात नोकरी करणाऱ्या माजी विद्यार्थ्यांना कॉलेजच्या अनोळखी मुलांचे मेल येतच असतात. ‘रिस्पेक्टेड सर, मी फायनल इयरला आहे, करिअरबद्दल मार्गदर्शन करा,’ असा त्यातल्या पुष्कळांचा मजकूर असतो. वाचणारा सवडीने लिहू म्हणतो आणि ते राहून जातं. आकस मुळीच नसतो. पण उत्तर द्यायचं तर मुलाची शाखा, गुण, घरची ऐपत आधी विचारायची आणि मग पानभर लिहायचं, हे कामावरून दमून आलेल्याला झेपत नाही.

समजा, सांगलीत मेकॅनिकल शिकणाऱ्या एका मुलीला मास्टर्ससाठी जर्मनीला जायचंय आणि तिच्या कॉलेजचा एक सीनियर श्टुटगार्टला गाड्यांच्या ब्रेकवर काम करतो. फी आणि कागदपत्रं तिने त्याला विचारूच नयेत. भारतीय विद्यार्थ्यांना नोव्हेंबर २०२२ पासून एपीएस प्रमाणपत्र लागतं, श्टुटगार्टच्या राज्यातली सरकारी विद्यापीठं युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून सहसा सत्राला १५०० युरो घेतात, हे सगळं अधिकृत साइटवर सापडतं. जे फक्त त्या सीनियरलाच ठाऊक आहे, ते विचारावं:

‘विषय: सांगली मेकॅनिकल, शेवटचं वर्ष – जर्मन भाषेबद्दल एक प्रश्न

सर, नमस्कार. आपल्या कॉलेजच्या माजी विद्यार्थी संघाकडून तुमचा पत्ता मिळाला. माझा प्रोजेक्ट डिस्क ब्रेक किती तापते यावर आहे. जर्मनची ए-टू परीक्षा झाली आहे. तुमच्या विभागात शिकता शिकता अर्धवेळ काम मिळायला बी-वन पुरतं, की बी-टू लागतं? पुरत असेल, तर बी-वननंतर क्लास थांबवून प्रोजेक्टला वेळ देईन. दोन ओळींत कळवलंत तरी चालेल.’

पत्ता कुठून मिळाला हे सांगितल्यामुळे वाचणाऱ्याची पहिली शंका फिटते. प्रोजेक्टची ओळ छोटी आहे, पण ब्रेकवर काम करणाऱ्याला तेवढ्यावरून मुलगी काय करते ते कळतं. सगळ्यात मोलाचं म्हणजे उत्तरावर तिचा क्लास अडलेला आहे, आणि ते उत्तर बसमध्ये बसून मोबाइलवर देता येतं.

बायोडेटा जोडू नये. न मागता आलेली फाइल म्हणजे नोकरीची विनंती, असाच अर्थ लावला जातो. रेफरल तर पहिल्या मेलमध्ये मागूच नये, कारण शिफारस करणारा स्वतःचं नाव पणाला लावतो आणि तिचं काम त्याने अजून पाहिलेलं नसतं.

उत्तर नाही आलं, तर आठ-दहा दिवसांनी त्याच मेलखाली एकदा आठवण करावी, पुन्हा नाही. आलं, तरी ते एका विभागापुरतं खरं असतं. शेजारच्या कंपनीत सगळं काम इंग्रजीतही चालत असेल. म्हणून क्लासचा निर्णय घेण्याआधी हाच प्रश्न वेगळ्या कंपन्यांतल्या आणखी दोघांना विचारावा.