बरोबरची खूण, फुली आणि रिकामी चौकट

कुटुंब सर्वेक्षणाच्या कागदी तक्त्यात डावीकडे घरांचे क्रमांक, वर नळजोडणी, शौचालय यांसारखे प्रश्न आणि प्रत्येक चौकटीत होकारासाठी बरोबरची खूण किंवा नकारासाठी फुली असते. अशा तक्त्याच्या मोबाइलवर काढलेल्या छायाचित्रातून ‘होय’ आणि ‘नाही’ ही मूल्ये संगणकाकडून काढून घेताना पहिली अडचण खुणांची नसून कागदाची असते, कारण कॅमेरा किंचित तिरका धरला गेला तरी आयताकृती तक्ता छायाचित्रात वेडावाकडा चौकोन होऊन उतरतो. त्यामुळे तक्त्याचे चार कोपरे शोधून, ते खऱ्या आयताच्या कोपऱ्यांवर बसतील अशा रीतीने संपूर्ण चित्र गणिताने ताणून सरळ केले जाते. त्यानंतर प्रत्येक बिंदू शाईचा की कागदाचा हे ठरवावे लागते. नोबुयुकी ओत्सू यांनी १९७९ मध्ये मांडलेली पद्धत साऱ्या चित्रासाठी उजेड-अंधाराची एकच सीमा काढते, परंतु छायाचित्रकाराच्या हाताची सावली कागदावर पडली असेल तर सावलीतला कोरा कागदही शाई ठरतो. म्हणून अशा चित्रात प्रत्येक बिंदूची तुलना त्याच्या आसपासच्या भागाशी करणे अधिक विश्वसनीय ठरते.

सरळ केलेल्या चित्रात प्रत्येक चौकट १०० पिक्सेल लांब आणि तितकीच रुंद आहे आणि पेनची रेघ सुमारे ५ पिक्सेल जाड आहे, असे समजू. सुमारे ७० पिक्सेल लांबीच्या दोन रेघांची फुली चौकटीचा साधारण ७ टक्के भाग व्यापते, तर २५ आणि ६० पिक्सेलच्या दोन रेघांची बरोबरची खूण ४ टक्क्यांच्या आसपास भरते. शाईचे हे प्रमाण मोजून रिकामी चौकट चांगली ओळखता येते, आणि एखादे उत्तर गिरवून खोडले असेल तर प्रमाण एकदम वाढल्यामुळे तेही कळते. मात्र होकार आणि नकार यांतला भेद या मोजणीवर सोपवणे चुकीचे आहे, कारण जाड पेनाने काढलेली बरोबरची खूण बारीक पेनाच्या फुलीइतकीच शाई घेते.

हा भेद आकारातच शोधावा लागतो. त्यासाठी रेघ सर्व बाजूंनी झिजवत नेऊन तिचा एक पिक्सेल जाडीचा सांगाडा काढतात आणि त्यावरील मोकळी टोके व छेदबिंदू मोजतात. फुलीला चार टोके आणि एक छेदबिंदू असतो, तर बरोबरच्या खुणेला दोन टोके आणि एक वळण असते, छेदबिंदू नसतो. झिजवताना फुलीचा छेद पुष्कळदा जवळजवळच्या दोन तिठ्यांत फुटतो, त्यामुळे काही पिक्सेलच्या अंतरातले तिठे एकच मानावे लागतात. पेन न उचलता घाईने काढलेल्या फुलीत दोन टोके जोडली जाऊन एका बाजूला फास तयार होतो आणि टोकांची संख्या दोनवर येते. तेथे छेदबिंदूचे अस्तित्व निर्णायक ठरते. याउलट बरोबरच्या खुणेची एक रेघ वळणापाशी दुसरीच्या पलीकडे गेली तर तिलाही छेदबिंदू मिळतो, पण तो खुणेच्या मध्याजवळ न येता तळाशी येतो.

सर्वांत फसवी चूक मात्र चौकटीच्या सीमेवर घडते. बरोबरच्या खुणेचा लांब फटकारा वरच्या किंवा शेजारच्या चौकटीत शिरतो, आणि चौकटी आधीच कापून वेगळ्या केल्या असतील तर तेथे नसलेले उत्तर उमटते. म्हणून छापील रेषा प्रथम पुसून, त्यामुळे खुणांत पडलेल्या बारीक फटी सांधून, प्रत्येक खूण अखंड उचलावी आणि तिचा मध्य ज्या चौकटीत पडतो तिच्याच नावावर ती लावावी.

आकार अचूक ओळखल्यानंतरही अर्थाचा प्रश्न उरतो. एखाद्या स्तंभात केवळ फुल्या आणि रिकाम्या चौकटी असतील, तर प्रगणकाने फुली ‘लागू आहे’ या अर्थाने वापरली असण्याची शक्यता तपासल्याशिवाय तो स्तंभ नकारार्थी धरू नये. रिकामी चौकट तर कधीही आपोआप ‘नाही’ होऊ नये: २० घरांपैकी १२ घरांपुढे बरोबरची खूण, ५ घरांपुढे फुली आणि ३ चौकटी रिकाम्या असतील, तर रिकाम्यांना नकार मानल्यास होकार ६० टक्के दिसतो, आणि उत्तर दिलेल्या १७ घरांपुरते पाहिल्यास तो सुमारे ७१ टक्के येतो. त्यामुळे ‘होय’साठी १ आणि ‘नाही’साठी ० लिहिताना रिकाम्या चौकटीला स्वतंत्र संकेत द्यावा, आणि खोडलेल्या किंवा संदिग्ध खुणेचे कापलेले चित्र मूळ क्रमांकासह माणसाकडे वाचनासाठी पाठवावे. संगणकाने निःशंकपणे वाचलेल्या चौकटींतूनही काही नमुने, दोन्ही प्रकारच्या खुणांतून वेगवेगळे निवडून, हाताने तपासावेत. कारण होकार बहुसंख्य असलेल्या तक्त्यात फुल्या सर्रास चुकत असल्या तरी एकूण अचूकतेचा आकडा चांगलाच दिसतो.